वाइल आणि डेन: दोन्हीचा अर्थ ‘कारण’, मग क्रियापद वेगवेगळ्या जागी का?

प्रश्न: ‘मी जर्मन ए-वन करतेय, वय चाळीस. वाइल आलं की क्रियापद शेवटी जातं पण डेन आलं की जात नाही, अर्थ तर दोन्हीचा कारण असाच आहे ना? आणि वाइलचं वाक्य आधी आलं की पुढच्या वाक्यात क्रियापद एकदम सुरुवातीला येतं, ते का? नियम पाठ आहेत पण बोलताना सगळं उलटसुलट होतं.’

उलटसुलट होण्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं की आपण डोक्यात इंग्रजी वाक्य बनवतो आणि मग त्यातलं क्रियापद उचलून शेवटी नेऊन टाकतो. क्लासमध्ये पण तसंच शिकवतात, ‘आधी साधं वाक्य, मग वाइल आलं की क्रियापद शेवटी ढकला’. मी पण तसंच शिकले आणि सुरुवातीचे बरेच महिने प्रत्येक वाक्यात अडकायचे. मराठी माणसाने हे बरोबर उलट्या दिशेने करावं असं माझं ठाम मत आहे, कारण जर्मनचा मूळ क्रम आपलाच आहे, क्रियापद शेवटी.

डिक्शनरीत बघा, जर्मन शिकणे म्हणजे ‘डॉइच लेर्नन’, घरी जाणे म्हणजे ‘नाख हाउझं गेएन’. आधी वस्तू किंवा ठिकाण, मग क्रियापद, अगदी आपल्यासारखं. आता एक पूर्ण वाक्य घेऊ. ‘मी तो सिनेमा आधीच बघितलेला आहे.’ शब्दाखाली शब्द ठेवत चला: मी = इश, तो = डेन (हे डे॒न म्हणजे आर्टिकल, लांब ए, प्रश्नातलं डेन नाही), सिनेमा = फिल्म, आधीच = शोन, बघितलेला = गेझेएन, आहे = हाबं. म्हणजे ‘इश डेन फिल्म शोन गेझेएन हाबं’. याच्या आधी फक्त वाइल लावा, ‘वाइल इश डेन फिल्म शोन गेझेएन हाबं’, झालं तुमचं उपवाक्य, एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. ‘बघितलेला आहे’ मधला आहे जसा शेवटी तसाच हाबं शेवटी. ‘मला आज काम करावं लागतं’ घ्या, ‘वाइल इश हॉइटं आर्बाइटन मुस’, करावं लागतं = आर्बाइटन मुस, तोच क्रम. ‘मला माहितीये की तो उद्या येतो’ मधला की नंतरचा भाग, ‘दास एअर मॉर्गन कोम्ट’, तोच क्रम.

मग बदल कुठे होतो तर मुख्य वाक्यात. तिथे जे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं (हाबं, मुस, कोम्ट) तेवढं एकच शेवटून उचलायचं आणि दुसऱ्या जागी ठेवायचं, बाकी सगळं जिथल्या तिथे. ‘इश हाबं डेन फिल्म शोन गेझेएन.’ गेझेएन शेवटी एकटं राहिलंय बघा, ते तिथे का राहतं हे इंग्रजीतून कधीच नीट कळत नाही, पण वरच्या क्रमावरून लगेच कळतं, कारण ते तिथलंच आहे, हललंय फक्त हाबं. जोडून येणारी क्रियापदं पण अशीच सुटतात. उठणे म्हणजे ‘आउफश्टेएन’, उपवाक्यात ते अख्खं शेवटी, ‘वाइल इश उम झेक्स आउफश्टेए’, आणि मुख्य वाक्यात शेवटचा तुकडा श्टेए पुढे जातो आणि आउफ मागे राहतो, ‘इश श्टेए उम झेक्स आउफ’.

आता दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नाही हं, दुसरा घटक. ‘माइन ब्रूडर आउस नागपूर’ म्हणजे माझा नागपूरचा भाऊ, चार शब्द पण घटक एकच, त्यानंतर लगेच क्रियापद. आणि पहिल्या जागी कर्ताच पाहिजे असं काही नाही, कुठलाही एक घटक चालतो. ‘डेन फिल्म हाबं इश शोन गेझेएन’ एकदम बरोबर आहे. नवीन लोकांची सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच होते, ‘हॉइटं इश गेए...’ असं म्हणतात. हॉइटंने पहिली जागा घेतली, म्हणजे दुसरी क्रियापदाची, कर्ता त्याच्या मागे: ‘हॉइटं गेए इश इन्स किनो’.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं. ‘वाइल इश डेन फिल्म शोन गेझेएन हाबं, ब्लाइबं इश त्सु हाउझं’, सिनेमा आधीच बघितलाय म्हणून मी घरीच थांबते. इथे वाइलपासून हाबंपर्यंतचं लांबलचक उपवाक्य हाच पहिला घटक आहे, हॉइटंच्या जागी बसलेला, मग दुसऱ्या जागी ब्लाइबं येणारच. ते सुरुवातीला आलेलं नाही, दुसऱ्याच जागी आहे. लिहून झाल्यावर तपासायची खूण सोपी आहे, स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना बदलणारी क्रियापदं समोरासमोर आली पाहिजेत, हाबं, ब्लाइबं. मध्ये कर्ता घुसलेला दिसला तर चुकलंय.

आता डेन. अर्थ बघून हे सुटणारच नाही, कारण अर्थ खरंच सारखा आहे. फरक हा की वाइल आपलं वाक्य दुसऱ्या वाक्याचा भाग बनवतं, डेन फक्त दोन मुख्य वाक्यांना शेजारी जोडतं, उंट (आणि), आबर (पण), ओडर (किंवा), झोंडर्न यांच्यासारखं. हे शब्द जागा मोजताना धरतच नाहीत, मोजणी त्यांच्यानंतर सुरू होते: ‘इश ब्लाइबं त्सु हाउझं, डेन इश बिन म्यूडं’, इश पहिलं, बिन दुसरं. ओळखायचं कसं, तर ते वाक्य उचलून सुरुवातीला नेऊन बघा. वाइलचं जातं, डेनचं जातच नाही. आणि डेसहाल्ब म्हणजे म्हणून, ते परत तिसरंच, ते स्वतः पहिली जागा घेतं, त्यामुळे ‘डेसहाल्ब ब्लाइबं इश त्सु हाउझं’. डेन आणि डेसहाल्ब यांच्यात लोक खूप गोंधळतात, तिथे जागा मोजायची सवय लागली की गोंधळ जातो.

मराठीचा आधार कुठे सुटतो तेही सांगते. एक म्हणजे निश्ट. आपण ‘मी येत नाही’ म्हणतो, जर्मन उपवाक्यात ते क्रियापदाच्या आधी, ‘वाइल इश निश्ट कोमं’. इथे ‘मी नाही येत’ असं बोलीतलं वाक्य मनात धरा, क्रम जुळतो. दुसरं म्हणजे जर-तर. आपण ‘वेळ असेल तर’ म्हणताना तर शेवटी टाकतो, त्यांचं ‘वेन’ कायम सुरुवातीला: ‘वेन इश त्साइट हाबं, कोमं इश’. तिसरं, आपण ‘जाते मी आता’ असं कसंही फिरवून बोलतो, जर्मन उपवाक्यात क्रियापदाला तेवढी मोकळीक नाही.

आणि एक, जर्मन लोकांशी बोलायला लागाल तेव्हा तुम्हाला ‘वाइल इश हाबं...’ असं क्रियापद दुसऱ्या जागी टाकलेलं ऐकू येईल, वाइलनंतर थोडं थांबतात आणि मग साधं वाक्य बोलतात. बोलण्यात हे खूप चालतं, ऐकून गोंधळू नका, पण परीक्षेत लिहिताना क्रियापद शेवटीच ठेवा, तिथे ती चूकच धरतात.