मॅगीची २६ पानांची केस आठ स्लाइडमध्ये कशी बसवायची?

"एमएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या कोर्सला, २०१५च्या मॅगी बंदीवरची केस स्टडी सादर करायला आलीये. २६ पानं, पाच जणांचा ग्रुप, वेळ १५ मिनिटं आणि स्लाइड आठच. आम्ही प्रत्येकी पाचेक पानं वाटून घेतलीत. ठेवायचं काय आणि कापायचं काय?"

आधी ती पानांची वाटणी मोडा. पानं वाटली की पाच सारांश तयार होतात. ज्याच्याकडे कंपनीचा इतिहास आला तो तीन स्लाइड मागतो, आणि निर्णय नेमका कोणाला घ्यायचाय हे कोणीच सांगत नाही. पाचही जणांनी अख्खी केस एकदा वाचा आणि मग एकत्र बसून एकच वाक्य लिहा: कोणी, कोणत्या तारखेला, काय ठरवायचंय.

यात तारीख सगळ्यात महत्त्वाची. केस कुठे थांबते ते शेवटच्या दोन पानांत कळतं. तुमची केस ४ जून २०१५च्या संध्याकाळी थांबते असं धरतो. म्हणजे प्रश्न असा: नेस्ले इंडियाच्या प्रमुखांनी माल देशभरातून मागे घ्यावा, की विकत राहून लढावं? मग १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, ९ नोव्हेंबरला मॅगी दुकानात परतली, एप्रिल-जून तिमाहीत कंपनीला ६४.४ कोटींचा तोटा झाला, हे सगळं आठ स्लाइडच्या बाहेर. त्या संध्याकाळी यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं. बहुतेक ग्रुप इथेच सापडतात: पुढचा निकाल वापरून शिफारस करतात आणि सर एका प्रश्नात ती पाडतात. केस ऑगस्टमध्ये थांबत असेल तर उलट: माल मागे घेणं ही एका ओळीची पार्श्वभूमी, आणि प्रश्न पुन्हा बाजारात कसं यायचं हा.

आता स्लाइड. पहिलीवर प्रश्न आणि तुमचं उत्तर, दोन्ही. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवू नका, १५ मिनिटांत रहस्यकथा बसत नाही. दुसरीवर घटनाक्रम, पण निर्णयावर दबाव आणणाऱ्या तीन-चारच घटना: मार्च २०१४मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेला मॅगीचा नमुना, कोलकात्याच्या लॅबचा रिपोर्ट, ३ जूनला दिल्ली सरकारची १५ दिवसांची बंदी.

तिसऱ्या स्लाइडवर वेळ घालवा, कारण केसचा गाभा तिथे आहे. शिसं १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग, आढळलं, मर्यादा २.५. दोन दांड्यांचा साधा आलेख पुरे. त्याखाली कंपनीचा मुद्दा एका ओळीत: मसाला वेगळा तपासू नका, नूडल्ससोबत जसा खाल्ला जातो तसा तपासा. हा मुद्दा टाकला नाही तर कंपनी नुसती हटवादी दिसते आणि 'लढायचं' हा पर्याय खोटा वाटतो. एमएसजीचा, म्हणजे चव वाढवणाऱ्या अजिनोमोटोचा, वाद इथे मिसळू नका. शिशाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. एमएसजीचा वाद पाकिटावरच्या 'नो अ‍ॅडेड एमएसजी' या दाव्याचा, म्हणजे लेबलचा. दोन्हींचे उपाय वेगळे.

चौथीवर पणाला काय लागलंय ते. केसच्या शेवटी तक्त्यांची पानं असतात, ती स्क्रीनशॉट काढून चिकटवायचा मोह टाळा. मागच्या बाकावरून अक्षर दिसत नाही. कंपनीच्या विक्रीत मॅगीचा वाटा किती, एवढा एक आकडा मोठा करून लिहा. पाचवीवर तीन पर्याय: विकत राहणं, फक्त बंदी असलेल्या राज्यांत थांबणं, सगळीकडून मागे घेणं. सहावीवर तेच तीन पर्याय तीन निकषांवर: ग्राहकाचा विश्वास, खर्च, परत येण्याची शक्यता. निकष तीनच. सहा घेतले तर प्रत्येक पर्याय कुठे ना कुठे जिंकतो. सातवीवर शिफारस कशी राबवायची: वितरकाकडचा माल, दुकानदाराचे पैसे, स्वतंत्र लॅबची तपासणी. आठवीवर धोके, आणि कोणती माहिती मिळाली तर तुम्ही मत बदलाल.

मथळे पूर्ण वाक्यात लिहा. 'शिशाचं प्रमाण' याने काही कळत नाही, 'लॅब १७.२ म्हणते, कंपनीला तपासणीची पद्धतच मान्य नाही' याने कळतं. स्लाइड बनवण्याआधी हे आठ मथळेच सलग वाचा. जिथे 'मग काय?' असं वाटेल ती स्लाइड उडवा.

वेळ: पहिल्या तीन स्लाइडला ४ मिनिटं, चौथीला १, पाचवी-सहावीला ५, शेवटच्या दोनना ४. उरलेलं एक मिनिट बोलणारे बदलण्यात जातंच. सगळ्यांनी बोलायलाच हवं अशी अट नसेल तर तिघेच बोला, बाकीचे दोघे प्रश्न घेतील. त्यांनी तक्ते तोंडपाठ ठेवावेत.

कापलेलं फेकू नका. आठवीच्या मागे जादा स्लाइड ठेवा, प्रत्येकीवर केसमधला पान क्रमांक. उच्च न्यायालयाचा निकाल आणि नोव्हेंबरचं पुनरागमनही तिथेच. 'पुढे काय झालं?' असं सरांनी विचारलं तरच उघडा.