जिवाणूंचा प्रतिजैविक-प्रतिरोध: प्रोजेक्टची प्रस्तावना कशी लिहू?

प्रश्न: शेवटच्या वर्षाचा रिव्ह्यू प्रोजेक्ट आहे. प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद फ्लेमिंगपासून सुरू केला, तर मॅडम म्हणाल्या, "हे सगळेच लिहितात." मग कुठून सुरू करू?

उत्तर: १९४० पासून करा. त्या वर्षी एब्राहम आणि चेन यांनी ई. कोलायच्या अर्कात पेनिसिलिन नष्ट करणारं एन्झाइम सापडल्याचं कळवलं. तेव्हा पेनिसिलिन सर्रास वापरात यायचं होतं! म्हणजे वापरामुळे प्रतिरोध पसरतो हे खरं, पण त्याची हत्यारं आधीपासूनच असू शकतात. (म्हणून "जिवाणू औषधाला सरावतात" असं लिहू नका, आधीच तगणारे उरतात आणि वाढतात.)

तिथून थेट स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर या. त्याच्यातलं असंच एन्झाइम पेनिसिलिनचं बीटा-लॅक्टम कडं तोडतं, मग औषध निकामी होतं. त्यावर उपाय म्हणून मेथिसिलिन आलं. त्याची बाजूची साखळी अवजड, त्यामुळे एन्झाइमला कडं सहजी तोडता येत नाही. तरी १९६१ मध्ये इंग्लंडमधून मेथिसिलिनला न जुमानणारे जिवाणू नोंदले गेले. या वेळी औषध शाबूतच होतं, बदललं होतं त्याचं लक्ष्य: mecA जनुकामुळे PBP2a हे प्रथिन तयार होतं, औषध त्याला नीट चिकटत नाही आणि पेशीभित्तिका बांधायचं काम चालूच राहतं.

एकाच जिवाणूत दोन यंत्रणा मिळाल्या. शेवटचं वाक्य साधं ठेवा: "औषध आत येऊ न देणं आणि आलेलं बाहेर फेकणं या उरलेल्या दोन वाटांसह चारही यंत्रणांचा आढावा इथे घेतला आहे."