दर वाढले की वाढवले?

काल तू पाठवलेला मसुदा वाचला. वेर्ण्याच्या ग्राहकाला तू लिहिलंस, ‘वुई हॅव रिझन द प्राइस’. अरे, मराठीत तू ‘आम्ही दर वाढलो’ म्हणशील का? तोच घोटाळा आहे. वाढणे म्हणजे राइज, रोज, रिझन. वाढवणे म्हणजे रेज, रेज्ड, रेज्ड. ‘काय वाढवलं?’ याचं उत्तर वाक्यात असेल तर रेज. म्हणून ‘वुई हॅव रेज्ड द प्राइस’. कर्मणी करायचं तरी रेजच: ‘द टार्गेट वॉज रेज्ड’. ‘वॉज रिझन’ होतच नाही.

फरक व्याकरणापुरता नाही. ‘काजूचे दर वाढले’ म्हटलं की दोष बाजाराचा, ‘आम्ही वाढवले’ म्हटलं की आपला. ग्राहक हे बरोबर वाचतो. कच्चा माल महागला असेल तर आधी ‘कॉस्ट्स हॅव रिझन’ लिही, मग आपण काय रेज केलं ते.

कागदपत्रांचं जास्त फसवं. ठेवणे म्हणजे ले, लेड, लेड. पडून असणे म्हणजे लाय, पण त्याचा भूतकाळ ले, आणि तिसरं रूप लेन. इथेच सगळे अडकतात, मीसुद्धा. सुरुवातीला पणजीच्या एका कार्यालयाला मी लिहिलं होतं, ‘अवर फाइल लाइड ऑन युवर डेस्क’. म्हणजे आमची फाइल तुमच्या टेबलावर खोटं बोलली! सोमवारपासून पडून आहे म्हणायचं तर ‘हॅज बीन लाइंग सिन्स मंडे’. ‘लेइंग’ नको.