जुन्या सीनियरकडे शिफारसपत्र मागायचं आहे, मेसेज नीट कसा लिहू?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ज्यांच्या हाताखाली काम केलं, त्या सरांना असं लिहिलंय: "सर, कसं काय? जर्मनीला एमएसला चाललोय. एलओआर पाहिजे होतं, जरा अर्जंट आहे. मीच लिहून देतो, तुम्ही फक्त सही करा." याचं चांगलं पत्र कसं करू?

उत्तर: आधी शेवटचं वाक्य काढून टाका. तुम्हाला ते सरांचा त्रास वाचवणारं वाटतं, पण त्यांना त्यात 'तुमचं मत नको, सही हवी' असंच ऐकू येईल. शिवाय बरीच विद्यापीठं शिफारस करणाऱ्याच्याच ईमेलवर लिंक पाठवतात आणि पत्र तिथे त्यांनीच भरायचं असतं. तुमचं उद्देशपत्र आणि सरांचं पत्र एकाच हातचं असेल तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

सरांचा त्रास वाचवायचाच असेल तर त्यांना आठवण द्या. माझ्याकडेही अशा विनंत्या येतात. मुलगा चांगला होता हे आठवतं, पण त्याने नेमकं काय केलं ते आठवत नाही, आणि मग पत्रात 'मेहनती, प्रामाणिक' एवढंच उरतं. म्हणून सरांनी डोळ्यांनी पाहिलेलं एकच काम लिहा. समजा तुम्ही सँड लॅबला होता, तर असं:

"आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.
आपल्या हाताखाली सँड लॅबमध्ये काम करताना पंप बॉडीच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल येत होते. वाळूतला ओलावा दर शिफ्टला मोजून त्याची नोंद रिजेक्शनशी ताडून पाहायला आपण मला सांगितले होते. त्या कामामुळेच धातुशास्त्र पुढे शिकावे असे वाटले. जर्मनीतील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करत आहे. माझे काम आपण जवळून पाहिले आहे, म्हणून शिफारसपत्रासाठी आपणास विनंती करत आहे. अर्जाची अंतिम तारीख १५ जुलै आहे; ५ जुलैपर्यंत पत्र मिळाल्यास सोयीचे होईल. बायोडेटा आणि अभ्यासक्रमाची माहिती सोबत जोडली आहे. वेळेअभावी शक्य नसल्यास निःसंकोच कळवावे.
आपला नम्र,"

खाली नाव, फौंड्रीत कधी ते कधी होता ते आणि फोन नंबर.

'अर्जंट'च्या जागी तारीख आली, ते पाहा. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण काही अभ्यासक्रमांची मुदत कितीतरी आधी संपते, तेव्हा आपली तारीख तपासूनच घाला. हे विनंतीचं पत्र निदान महिनाभर आधी जाऊ द्या. नकाराची वाट मी मुद्दाम ठेवली आहे. भिडेखातर दिलेल्या दोन ओळींच्या पत्रापेक्षा दुसरा माणूस शोधायला मिळालेले पंधरा दिवस जास्त उपयोगी पडतात.

सर कन्नड भाषिक असतील तर हेच इंग्रजीत लिहा. तुम्ही एकमेकांशी मराठीत बोलत असलात तरी लिहिताना त्यांना ते सोपं जाईल.

आणि पोर्टलवर त्यांचा कंपनीचा ईमेल द्या. आपल्याकडच्या लहान फौंड्रीत तो बऱ्याचदा नसतो; मग लेटरहेडवर सही, हुद्दा आणि शिक्का घेऊन ते पत्र चालेल का, हे विद्यापीठाला आधीच मेल करून विचारा.