‘का?’ या एका शब्दातले दोन प्रश्न : प्रत्यक्षार्थवाद आणि अन्वयार्थवाद

प्रश्न : पॉझिटिव्हिझम आणि इंटरप्रिटिव्हिझम यांना मराठीत काय म्हणावं? दोहोंत नेमका फरक काय? माझा प्रबंध ‘उच्च रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या मध्येच का सोडतात’ यावर आहे. पद्धतीच्या प्रकरणात यांपैकी एक भूमिका लिहा असं मार्गदर्शक म्हणतात, पण तिचा प्रश्नावली की मुलाखत याच्याशी काय संबंध, तेच कळत नाही.

उत्तर : आधी शब्द. पॉझिटिव्हिझमला ‘प्रत्यक्षार्थवाद’ म्हणा आणि इंटरप्रिटिव्हिझमला ‘अन्वयार्थवाद’. पहिला शब्द मराठी ग्रंथांत रुळलेला आहे. दुसऱ्यासाठी व्याख्यावाद, निर्वचनवाद असेही पर्याय वापरता येतील, पण मला अन्वयार्थवाद सर्वांत नेमका वाटतो. ‘सकारात्मकतावाद’ मात्र कृपा करून लिहू नका. प्रबंधांची मुद्रितं तपासताना तो मला अधूनमधून भेटतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या एका शब्दामुळे वाचक आशावादाच्या दिशेनं भरकटतो. इथला ‘पॉझिटिव्ह’ लॅटिनमधल्या ‘ठेवलेलं, मांडलेलं’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ऑग्युस्त काँत यांनी १८३० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या खंडांतून हे तत्त्वज्ञान मांडलं. कल्पनेनं रचलेलं नव्हे, तर निरीक्षणातून हाती आलेलं तेवढंच ज्ञान, असा त्यांचा आग्रह होता. ‘प्रत्यक्ष’ या शब्दात ‘अक्ष’ म्हणजे इंद्रिय आहे, म्हणून तो इथे चपखल बसतो.

आता ‘अन्वय’. संस्कृत श्लोक शिकताना आपण काय करतो? वृत्तासाठी विखुरलेले शब्द गोळा करतो, कर्ता कुठला, क्रियापद कुठलं ते शोधतो आणि क्रम लावतो. श्लोकातला एकही शब्द बदलत नाही, तरी अर्थ उलगडतो. पण ज्या भाषेत तो श्लोक रचला आहे तिचं व्याकरण माहीत नसेल, तर अन्वय लागत नाही. माणसाच्या वागण्याचंही तसंच आहे, असं अन्वयार्थवादी म्हणतो. ती व्यक्ती ज्या समजुतींच्या जगात राहते, त्या जगाचं व्याकरण कळल्याशिवाय तिच्या कृतीचा अर्थ लागत नाही.

तुमच्या शीर्षकातला ‘का’ हाच या सगळ्या घोळाचा गाभा आहे. मराठीतला ‘का’ दोन प्रश्न पोटात घेऊन वावरतो. ‘पूल का पडला?’ म्हणजे कशामुळे पडला. ‘ती सभेतून का उठली?’ म्हणजे काय म्हणून, काय समजून उठली. ‘कारण’ हा शब्दही दोन्हींकडे चालतो. पुलाच्या पडण्यालाही कारण असतं आणि तिच्या उठण्यालाही. बोलताना यानं काही बिघडत नाही. प्रबंधात मात्र ‘कशामुळे’ आणि ‘काय म्हणून’ हे वेगळे न काढता पुढे गेलात, तर पद्धत निवडायला आधारच उरत नाही. विल्हेल्म डिल्टाय यांनी १८९४ मध्ये हाच भेद मांडला होता : निसर्गाचं आपण स्पष्टीकरण देतो, मनाचं जीवन आपण समजून घेतो. पुढे मॅक्स वेबर यांनी हे ‘समजून घेणं’ समाजशास्त्राच्या मध्यभागी आणलं.

याचं एक सुंदर उदाहरण गिल्बर्ट राइल यांनी दिलं आणि क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ मध्ये ते मानवशास्त्रात प्रसिद्ध केलं. दोन मुलांच्या उजव्या डोळ्याची पापणी झटकन मिटते. एकाची आपोआप, दुसरा मुद्दाम खूण करतोय. कॅमेऱ्यातून पाहिलं तर दोन्ही हालचाली सारख्याच. मराठीत हा फरक क्रियापदातच आहे : एकाचा डोळा लवला, दुसऱ्यानं डोळा मारला. लवला असेल तर ‘कशामुळे’ विचारायचं, मारला असेल तर ‘काय म्हणून’. आणि लवला की मारला, हे नुसतं पापणी मोजून ठरत नाही.

हेच तुमच्या विषयाला लावून बघू.

प्रत्यक्षार्थवादी वाटेनं गेलात तर पहिलं काम ‘सोडणं’ म्हणजे काय ते मोजता येईल अशा रीतीनं ठरवणं. या क्षेत्रात ८० टक्क्यांची रेघ सर्रास वापरली जाते. म्हणजे ९० दिवसांच्या ९० गोळ्यांपैकी ७२ किंवा जास्त घेतल्या तर उपचार पाळला, ७१ घेतल्या तर नाही. मग चल ठरवायचे : वय, दिवसातून किती वेळा गोळी, दुष्परिणाम, आजाराची वर्षं. मग परिकल्पना : ‘दिवसातून एकदा गोळी घेणाऱ्यांपेक्षा तीनदा घेणाऱ्यांमध्ये उपचार न पाळण्याचं प्रमाण जास्त असतं.’ ती माहिती गोळा करण्याआधी लिहायची असते आणि खोटी ठरू शकेल अशी असावी लागते. नमुना यादृच्छिक हवा. प्रबंधांत सारखा दिसणारा ३८५ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्क्यांची त्रुटी आणि प्रमाण निम्मं धरून येतो. पण तो एकाच प्रमाणाचा अंदाज काढण्यासाठी आहे. दोन गटांची तुलना करायची असेल तर वेगळं गणित मांडावं लागतं, आणि इथे बरेच जण घसरतात. उत्तर ‘पाळला / नाही पाळला’ असं दुहेरी असल्यामुळे विश्लेषणाला लॉजिस्टिक रिग्रेशन लागेल. सगळ्यांना प्रश्न त्याच शब्दांत, त्याच क्रमानं विचारायचे. कारण इथे संशोधक बदलला तरी उत्तर बदलू नये, अशी अपेक्षा असते.

आता समजा दोन रुग्ण आहेत आणि दोघांनीही ९० पैकी ६० गोळ्या घेतल्या आहेत. तक्त्यात दोघांच्या ओळी सारख्या. पहिले गृहस्थ रात्रपाळीला जातात आणि विसरतात. दुसऱ्या बाई म्हणतात, “मी गोळी सोडलेलीच नाही. डोकं जड झालं की घेते. बीपी वाढलं की मला कळतं.” उच्च रक्तदाबाला बहुधा काहीच लक्षणं नसतात, त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीनं हे चूक आहे. पण बाईंच्या दृष्टीनं त्या नियम मोडत नाहीत, पाळताहेत. त्यांचा नियम वेगळा आहे : आजार जाणवला की औषध. पहिल्यांचा डोळा लवला, यांनी मारला. आणि बघा, तुमच्या शीर्षकातला ‘सोडणं’ हा शब्दच डॉक्टरांचा आहे, बाईंचा नाही. हे उमगलं की अन्वयार्थवादाची निम्मी वाट सरली.

त्या वाटेनं गेलात तर नमुना यादृच्छिक नसतो, हेतुपूर्वक निवडलेला असतो. वेगवेगळ्या तऱ्हेनं गोळ्या घेणारी माणसं शोधायची. किती, याचं सूत्र नाही. साधारण सारख्या अनुभवाच्या माणसांमध्ये बारा-पंधरा मुलाखतींनंतर नवं काही निघेनासं होतं असं पुष्कळदा दिसतं, पण थांबायचं ते आकड्यासाठी नव्हे, नवा अर्थ सापडेनासा झाला म्हणून. मुलाखतीत ‘गोळ्या का सोडल्या?’ असं विचारू नका. हा ‘का’ जाब विचारल्यासारखा ऐकू येतो आणि समोरचा माणूस सबब सांगतो. त्याऐवजी ‘काल सकाळपासून गोळ्यांचं कसं कसं झालं ते सांगा’ असं म्हणा. बोलणं शब्दशः उतरवा. ‘लागली की घेते’ हे टिपणात ‘अनियमित सेवन’ झालं, तर जे शोधायला गेलात तेच पुसलं गेलं. आणि स्वतःविषयी लिहा. तुम्ही परिचारिका असाल तर रुग्ण तुम्हाला ‘बरोबर’ उत्तर देणारच. इथे संशोधक बाजूला ठेवता येत नाही, म्हणून तो कुठे उभा होता ते सांगायचं असतं.

आता चुका. पंधरा मुलाखती घेतल्या आणि निष्कर्षात लिहिलं, ‘६० टक्के रुग्ण लक्षणांवरून गोळी घेतात’. पंधरांपैकी नऊ जण, तेही मुद्दाम निवडलेले, त्यांची टक्केवारी कुणाबद्दल काहीच सांगत नाही. किंवा अन्वयार्थवादी भूमिका लिहून पुढच्याच पानावर परिकल्पना मांडली. उलट बाजूनं, चाळीस प्रश्नांच्या प्रश्नावलीच्या शेवटी ‘आपले मत’ असा रकाना ठेवून तिला अन्वयार्थवादी म्हटलं. मुलाखत घेतली म्हणजे अन्वयार्थवाद, असंही नाही. ठरावीक प्रश्न विचारून उत्तरं मोजलीत, तर ती बोलून भरलेली प्रश्नावलीच. साधन एक, भूमिका वेगळी.

शब्दांचा विषय आहे म्हणून आणखी एक. ‘गृहीतक’ आणि ‘परिकल्पना’ यांची सरमिसळ फार होते. गृहीतक म्हणजे जे तपासायचं नाही, धरून चालायचं आहे. परिकल्पना तपासायची असते. अन्वयार्थवादी प्रबंधात परिकल्पना नसेल, पण गृहीतकं असतातच, आणि ती लिहायला हवीत. तसंच, परिकल्पना टिकली तर ‘सिद्ध झाली’ असं न लिहिता ‘आधार मिळाला’ लिहा. परिकल्पना खोटी ठरवता येते, कायमची खरी ठरवता येत नाही, असं तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी मांडल्यापासून ‘सिद्ध’ हा शब्द परीक्षक सहसा सोडून देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

दोन्ही एकत्र करता येतात. आधी मुलाखती, आणि त्यांतून ‘लागली की घेते’ हा प्रकार हाती लागला की तोच प्रश्न करून मोठ्या नमुन्यात किती जण असं करतात ते मोजायचं. अशा वेळी बरेच जण फलप्रामाण्यवादाची, म्हणजे प्रश्नाचं उत्तर ज्या पद्धतीनं मिळेल ती वापरावी अशी, भूमिका घेतात. पण पदव्युत्तर प्रबंधाच्या मुदतीत हे दोन प्रबंधांचं काम होतं, म्हणून मी तुम्हाला ते सुचवणार नाही.

तुम्ही एवढंच करा : शेवटच्या प्रकरणात जे एक वाक्य लिहायची तुमची इच्छा आहे, ते आज कागदावर उतरवा. ‘तीनदा गोळी घेणाऱ्यांत उपचार न पाळण्याचं प्रमाण अमुक पट आहे’ असं असेल तर शीर्षक ‘उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमधील उपचार न पाळण्याशी निगडित घटक’ करा आणि प्रश्नावली घ्या. ‘गोळी ही रोजची गोष्ट नसून त्रास झाला तर हाताशी असावी अशी वस्तू आहे, असं हे रुग्ण मानतात’ असं असेल तर शीर्षक ‘उच्च रक्तदाबाचे रुग्ण रोजच्या गोळीचा लावत असलेला अर्थ’ असं करा आणि मुलाखतींना लागा. दोन्ही शीर्षकांतून ‘का’ गेला आहे, ते मी जाणूनबुजून केलं आहे.