बारा दिवसांच्या वेळा आणि बूटस्ट्रॅप

कोथरूड ते हिंजवडी प्रवासाच्या वेळेच्या तुझ्या 12 नोंदींपैकी 11 साधारण 50 मिनिटांच्या आहेत आणि एक, त्या पावसाच्या दिवसाची, 140. सरासरी 57.5. बूटस्ट्रॅप करताना याच बारांतून, उचललेली नोंद परत ठेवत, बारा वेळा उचलायचं आणि सरासरी काढायची. असं 10,000 वेळा. मग खरी सरासरी कुठून कुठवर असू शकते ते मध्यांतर थेट छापू नकोस, आधी हिस्टोग्राम बघ. सुमारे 35 टक्के नमुन्यांत 140 येतच नाही, कधी ती दोनदा येते. दर वेळी सरासरी साडेसात मिनिटांनी सरकते. म्हणून 50, 57.5, 65 पाशी वेगवेगळे उंचवटे दिसतील. म्हणजे तुझं मध्यांतर त्या एकाच पावसावर उभं आहे. नमुने लाखभर केलेस तरी (मीही केले होते!) उंचवटे जाणार नाहीत, पावसाळ्यातल्या आणखी नोंदीच लागतील.