मोंढ्यात पोचल्यावरच फोनने आठवण करून द्यावी, असं कसं लावायचं?

प्रश्न: परभणीला जाण्याचा माझा दिवस आणि वेळ ठरलेली नसते. मोंढ्यातून काय आणायचं ते गावाच्या फाट्यावर उतरल्यावर आठवतं. घड्याळाचा गजर उपयोगाचा नाही. अँड्रॉइड फोन आहे. पूर्वी गूगल कीपमध्ये जागा निवडता यायची, आता दिसत नाही. काय करू?

उत्तर:

कीपमधली जागेची सोय गूगलने काढून घेतली आहे, त्यामुळे तिथे शोधू नका. फोन सॅमसंगचा असेल तर त्याच्याच Reminder ॲपमध्ये वेळेऐवजी जागा निवडता येते. बाकी अँड्रॉइडवर MacroDroid हे ॲप टाका. अमुक घडलं की तमुक काम आपोआप कर, अशी नेमणूक त्यात करता येते, तिलाच मॅक्रो म्हणतात. त्यात नवीन मॅक्रो घेऊन Triggers मध्ये Location खाली Geofence Trigger निवडा, नकाशावर मोंढ्याभोवती वर्तुळ काढा आणि त्यात शिरल्यावर असा पर्याय घ्या. मग Actions मध्ये सूचना दाखवायचं काम जोडा. सूचनेत सामानाची नावं लिहू नका, फक्त ‘मोंढा: यादी बघा’ एवढंच लिहा. यादी कीपमध्येच राहू द्या. सरकी पेंड, ठिबकची गाळणी, फवारणीचं औषध, जे सुचेल ते तिथे टाकत गेलात की मॅक्रोला पुन्हा हात लावावा लागत नाही.

खरा घोळ होतो तो वर्तुळाच्या आकारात. बरेच जण दुकानावर बोट ठेवून १०० मीटरचं वर्तुळ काढतात आणि सूचना आली नाही म्हणून ॲप काढून टाकतात. फोन जागेवर सतत नजर ठेवून नसतो, तसं केलं तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. तो साधारण दोन-तीन मिनिटांनी एकदा बघतो, आणि बराच वेळ एका जागी पडून असेल तर त्याहूनही उशिरा. आता हिशोब करा. एसटी ताशी ६० किलोमीटरने चालली तर मिनिटाला एक किलोमीटर जाते. १५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे आरपार ३०० मीटर, ते ती १८ सेकंदांत ओलांडते. तेवढ्यात फोन बघेलच याची खात्री नाही.

म्हणून आधी ठरवा, त्या जागी तुम्ही थांबणार आहात की तिथून नुसते जाणार आहात. मोंढ्यात अर्धा-पाऊण तास जातो, तिथे ३०० मीटर त्रिज्या पुरे. सूचना चार मिनिटं उशिरा आली तरी तुम्ही तिथेच असता. पण ‘फाट्यावरच्या दुकानातून खत घ्यायचं’ अशी वाटेवरची आठवण असेल तर तीन-चार किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या, म्हणजे फाटा यायच्या आत सूचना मिळेल. गावाकडे वर्तुळ मोठं ठेवायचं आणखी एक कारण आहे. शहरात आजूबाजूच्या वायफायवरून फोन आपली जागा २०-५० मीटरच्या फरकाने ओळखतो. शिवारात वायफाय नसतं, मग टॉवरवरून काढलेला अंदाज काहीशे मीटर ते काही किलोमीटरही चुकू शकतो. शेताच्या बांधावर १०० मीटरचं वर्तुळ काढणं म्हणूनच व्यर्थ.

परवानग्यांमध्ये MacroDroid ला लोकेशन Allow all the time हवं. ‘ॲप वापरताना’ एवढंच दिलं तर फोन खिशात असताना काहीच होणार नाही. Use precise location चालू ठेवा. बॅटरीच्या सेटिंगमध्ये या ॲपवरची बंधनं काढा. शाओमी, विवो, ओप्पोमध्ये ऑटोस्टार्टही द्यावं लागतं, नाहीतर फोन ॲपला मागच्या मागे बंद करतो. आणि डेटा वाचवायला नेट बंद करायची सवय असेल तर घरून निघतानाच चालू करा, कारण टॉवर-वायफायवरून जागा काढायला नेट लागतं.

तरीही सूचना आली नाही तर मोंढ्यात उभं राहून नकाशाचं ॲप उघडा. उघडताच सूचना आली तर परवानगी ठीक आहे, फोन तोवर बघत नव्हता, म्हणजे बॅटरीचं बंधन तपासा. निळा ठिपका भलतीकडेच असेल तर जागेचा अंदाज चुकतोय, वर्तुळ वाढवा. ठिपका बरोबर आणि सूचना मात्र नाहीच, तर परवानगी किंवा ऑटोस्टार्ट राहिलंय. हे सगळं परभणीला जाऊन करायची गरज नाही, शेजारच्या गावावर वर्तुळ काढून एक चक्कर मारली तरी कळतं.

उलटा त्रासही होतो. वर्तुळाच्या कडेलाच तुमचं बसणं-उठणं असेल तर ठिपका आत-बाहेर सरकतो आणि सूचना पुन्हा पुन्हा येते. अशा वेळी कड त्या जागेपासून लांब जाईल असं वर्तुळ सरकवा. मोंढा बंद असताना नुसतं तिथून जाणं होत असेल तर Constraints मध्ये वेळेची अट घाला, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी.

घरात कोणाकडे आयफोन असेल तर त्यांना वेगळं ॲप नको. Reminders मध्ये आठवण लिहून तिच्या i बटणात Location चालू करायचं, जागा शोधून Arriving निवडायचं आणि वर्तुळ बोटाने ओढून मोठं करायचं.